शून्यावर बंद झालेलं शेड्यूल तरीही चुकीचं होतं: लीजच्या एका गणिताचा माझा अनुभव

सीएच्या आर्टिकलशिपच्या दुसऱ्या वर्षी, एप्रिल २०२४ मध्ये, भिवंडीतल्या एका गोदामाचं लीज माझ्या टेबलावर आलं. क्लायंट एका लिस्टेड कंपनीची उपकंपनी, त्यामुळे लीजच्या हिशेबाचा स्टँडर्ड इंड एएस ११६ लागू: येणाऱ्या भाड्याची आजची किंमत देणी म्हणून दाखवायची, जागा वापरायचा हक्क मालमत्ता म्हणून, मग देण्यांवर व्याज आणि मालमत्तेवर घसारा. आम्ही त्यांचे ऑडिटर नव्हतो. ३१ मार्च २०२४ चे हिशेब तयार करायला मदत करायची, एवढंच आमचं काम. हा स्टँडर्ड मी क्लासमध्ये शिकलो होतो आणि त्यावरची गणितंही सोडवली होती. पण समोर गणित नसून सत्तावीस पानांचा करार असला की पहिली ओळ लिहायलाच वेळ लागतो.

करारातल्या कामाच्या गोष्टी थोड्याच होत्या. ताबा १ एप्रिल २०२३ ला मिळाला, मुदत पाच वर्षांची. मुदतवाढीचा हक्क नाही, मध्येच सोडायची सोय नाही. भाडं वर्षाला १२ लाख रुपये, पाचही वर्षं तेवढंच. बिनव्याजी अनामत ६ लाख, गोदाम सोडताना परत. दलालाला ६० हजार दिलेले. डिस्काउंटचा दर कंपनीने ठरवून दिला होता: ९ टक्के. तेवढ्याच मुदतीचं, तशाच तारणावरचं कर्ज त्यांना बँकेकडून ज्या दराने मिळालं असतं, तो हा दर. म्हणजे दराचा प्रश्न माझ्यापुरता मिटलेला होता.

मी एक्सेल उघडलं आणि पाच वर्षांच्या १२ लाखांची आजची किंमत काढली: ४६,६७,५८२. त्यावर ९ टक्के व्याज, त्यातून १२ लाख वजा, असं पाच ओळी करत गेलो. पाचव्या वर्षाच्या शेवटी बाकी शून्य आली. मग दुसरी ताळणी केली. पाच वर्षांचा घसारा आणि व्याज मिळवलं, बिनव्याजी अनामतीवर हिशेबात धरावं लागणारं उत्पन्न वजा केलं, तर ६०,६०,००० आले. पाच वर्षांचं भाडं ६० लाख आणि दलाली ६० हजार, एकूण तेवढंच. दोन्ही ताळण्या जुळल्या, म्हणून शीट माझं काम तपासणाऱ्या मॅडमकडे पाठवलं.

त्यांनी शेड्यूलमधला एकही आकडा तपासला नाही. एवढंच विचारलं, "भाडं बँकेतून कधी जातं रे?"

मी म्हटलं, "वर्षाला एकदा, मॅडम."

"ते कळलं. वर्षाच्या सुरुवातीला की शेवटी?"

करार पुन्हा उघडला. कलम स्पष्ट होतं: दर वर्षाचं भाडं त्या वर्षाच्या १ एप्रिलला आगाऊ. खात्री करायला बँक स्टेटमेंट काढलं, तर १ एप्रिल २०२३ ला १२ लाख कुठेच नव्हते. १२,९६,००० गेलेले होते. थोडा वेळ गोंधळलो, मग उलगडलं: १२ लाखांवर १८ टक्के जीएसटीचे २,१६,००० वाढले आणि १० टक्के टीडीएसचे १,२०,००० कापले गेले. जीएसटीचं क्रेडिट कंपनी घेत होती आणि तो लीजच्या रकमेत धरायचा नसतो. टीडीएस हा भाड्याचाच भाग, फक्त सरकारकडे जमा झालेला. म्हणजे शेड्यूलमध्ये १२ लाखच. तारीख मात्र १ एप्रिल, ३१ मार्च नव्हे.

माझं सूत्र प्रत्येक हप्ता वर्षाच्या शेवटी जातो असं धरत होतं. एक्सेलच्या PV मध्ये शेवटची जागा रिकामी सोडली, की ते तसंच धरतं.

```
=PV(9%,5,-1200000)        → 46,67,582   (हप्ते वर्षाच्या शेवटी)
=PV(9%,5,-1200000,0,1)    → 50,87,664   (हप्ते वर्षाच्या सुरुवातीला)
=PV(9%,4,-1200000)        → 38,87,664   (पहिला हप्ता देऊन झाल्यावर)
```

पहिल्या दोन आकड्यांत ४,२०,०८२ चा फरक आहे, आणि तो बरोबर ४६,६७,५८२ चे ९ टक्के आहे. पाचही हप्ते एकेक वर्ष अलीकडे सरकले, म्हणून सगळ्यांची किंमत एक वर्षाच्या व्याजाने वाढली. हे दिसल्यावर चुकीचं मूळ लख्ख कळलं.

मग त्या ताळण्या का जुळल्या? यावर मी त्या रात्री बराच वेळ घालवला, कारण माझा त्यांच्यावर भरवसा होता. उत्तर साधं आहे. ज्या दराने आणि ज्या तारखांनी आजची किंमत काढली, त्याच दराने आणि तारखांनी शेड्यूल चालवलं, तर शेवट शून्यावरच होणार, मग तारखा खऱ्या असोत वा खोट्या. एकूण खर्चाचंही तेच: व्याज जास्त धरलं तर मालमत्ता, म्हणजे घसारा, तेवढाच कमी होतो आणि बेरीज ढळत नाही. या दोन ताळण्या आकडेमोडीतली चूक पकडतात. करार वाचण्यातली चूक त्यांना दिसतच नाही. ती पकडायची तर शेड्यूलमधल्या हप्त्याची तारीख आणि बँकेतली तारीख शेजारी ठेवावी लागते.

दुसऱ्या दिवशी कोऱ्या शीटवर सुरुवात केली. यावेळी स्टँडर्डचं वाक्य आधी नीट वाचलं: लीजची देणी म्हणजे सुरुवातीच्या तारखेला *न दिलेल्या* रकमांची आजची किंमत. पहिले १२ लाख त्याच दिवशी देऊन झाले, म्हणून ते देण्यांत येत नाहीत. ते थेट मालमत्तेत जातात. उरले चार हप्ते, एक, दोन, तीन आणि चार वर्षांनी. ९ टक्क्यांचे चार गुणक ०.९१७४, ०.८४१७, ०.७७२२ आणि ०.७०८४, सगळे दशांश धरून बेरीज ३.२३९७२. त्याला १२ लाखांनी गुणलं की ३८,८७,६६४. हीच पहिल्या दिवसाची देणी.

इथे एक योगायोग दिसला, जो खरं तर योगायोग नाही. माझ्या चुकीच्या शेड्यूलमध्ये ३१ मार्च २०२४ ची बाकी नेमकी हीच, ३८,८७,६६४ होती. खरी बाकी त्या दिवशी ४२,३७,५५४ असायला हवी. म्हणजे तसंच पुढे गेलं असतं, तर ताळेबंदात देणी साडेतीन लाखांनी कमी आणि पहिल्या वर्षाचं व्याज ७०,१९२ ने जास्त दिसलं असतं.

आगाऊ भाड्याच्या शेड्यूलमध्ये स्तंभांचा क्रम बदलावा लागतो, हे करताना शिकलो. आधी हप्ता वजा, मग उरलेल्या बाकीवर व्याज.

| वर्ष | १ एप्रिलची बाकी | हप्ता | हप्त्यानंतर | व्याज ९% | ३१ मार्चची बाकी |
|---|---|---|---|---|---|
| २०२३-२४ | – | – | ३८,८७,६६४ | ३,४९,८९० | ४२,३७,५५४ |
| २०२४-२५ | ४२,३७,५५४ | १२,००,००० | ३०,३७,५५४ | २,७३,३८० | ३३,१०,९३४ |
| २०२५-२६ | ३३,१०,९३४ | १२,००,००० | २१,१०,९३४ | १,८९,९८४ | २३,००,९१८ |
| २०२६-२७ | २३,००,९१८ | १२,००,००० | ११,००,९१८ | ९९,०८२ | १२,००,००० |
| २०२७-२८ | १२,००,००० | १२,००,००० | ० | ० | ० |

चौथ्या वर्षी व्याज खरं तर ९९,०८३ येत होतं. रुपयाच्या पूर्णांकात आणताना साठलेला एक रुपया तिथे वजा केला. फरक एक-दोन रुपयांचा असेल तर तो पूर्णांकाचा. हजारांत गेला, तर दर किंवा तारखा तपासायच्या. शेवटच्या वर्षी व्याज शून्य बघून मी आधी दचकलो होतो. पण १ एप्रिल २०२७ ला शेवटचा हप्ता गेला की देणं उरतच नाही. गोदाम मात्र वर्षभर वापरायचं असतं, म्हणून घसारा चालू राहतो.

आता वापरहक्काची मालमत्ता, आमच्या बोलण्यातलं 'आरओयू'. देणी ३८,८७,६६४, पहिल्या दिवशी दिलेले १२,००,००० आणि दलाली ६०,०००: झाले ५१,४७,६६४. उरली अनामत. पाच वर्षांनी बिनव्याजी परत येणारे ६ लाख आज ६ लाखांचे नसतात. इथेही मी ९ टक्के लावायला निघालो होतो. मॅडमनी थांबवलं. "अनामत म्हणजे तू मालकाला दिलेलं कर्ज. ९ टक्के हा कंपनीने उसने घेण्याचा दर आहे. मालकाला कर्ज द्यायचं तर बाजारात कोणता दर लागेल, ते बघ." अनामत आर्थिक साधनांच्या स्टँडर्डमध्ये, इंड एएस १०९ मध्ये येते, ११६ मध्ये नाही. क्लायंटने त्यासाठी ८ टक्के निश्चित केला होता, तो दुसऱ्याच फाईलमध्ये होता. ८ टक्क्यांनी ६ लाखांची आजची किंमत ४,०८,३५०. उरलेले १,९१,६५० म्हणजे जागेसाठी आगाऊ मोजलेले पैसेच, म्हणून ते मालमत्तेत. एकूण ५३,३९,३१४.

पहिल्या दिवसाची नोंद अशी झाली: मालमत्ता नावे ५३,३९,३१४ आणि अनामत नावे ४,०८,३५०, लीज देणी जमा ३८,८७,६६४ आणि बँक जमा १८,६०,०००. बँकेचे हे आकडे भाडं, अनामत आणि दलाली मिळून आहेत. जीएसटी आणि टीडीएसच्या नोंदी वेगळ्या. दोन्ही बाजू ५७,४७,६६४. घसारा सरळ रेषेत, वर्षाला १०,६७,८६३.

पहिल्या वर्षाच्या नफा-तोट्यात घसारा आणि व्याज मिळून १४,१७,७५३ गेले, अनामतीच्या ४,०८,३५० वरचं ८ टक्क्यांचं उत्पन्न ३२,६६८ आलं. क्लायंटच्या अकाउंट्समधल्या काकांना हे पटेना. "भाडं बारा लाख, मग खर्च चौदा लाखांचा कसा?" त्यांना पाच वर्षांची ओळ दाखवली: व्याज सुरुवातीला जास्त, पुढे घटत शून्यावर, घसारा सारखाच. पाचव्या वर्षी खर्च दहा लाख अडुसष्ट हजारांच्या आत. मग त्यांनी स्वतः कॅल्क्युलेटरवर बेरीज केली, उत्पन्न वजा करून ६०,६०,००० आले, तेव्हा मान हलवली.

शेवटची अडचण ताळेबंदातल्या विभागणीची. ३१ मार्च २०२४ च्या ४२,३७,५५४ पैकी चालू देणी, म्हणजे बारा महिन्यांच्या आत द्यायची, किती? मी सवयीने पुढच्या वर्षाची बाकी ३३,१०,९३४ वजा केली आणि ९,२६,६२० लिहिले. क्लासमधली गणितं हप्ता वर्षाच्या शेवटी धरणारी, तिथे ही रीत चालते. इथे १२ लाख तर दुसऱ्याच दिवशी द्यायचे होते, आणि त्यानंतरचा हप्ता १ एप्रिल २०२५ चा, म्हणजे बारा महिन्यांच्या पलीकडचा. चालू देणी १२,००,०००, दीर्घकालीन ३०,३७,५५४. तक्त्यात दुसऱ्या ओळीच्या 'हप्त्यानंतर' या स्तंभात तोच आकडा आहे, वेगळं गणित करावंच लागत नाही.

क्लायंटच्या ऑडिटरकडून एकच प्रश्न आला, ताब्याच्या तारखेचा. करारावर सह्या फेब्रुवारी २०२३ मधल्या होत्या. आम्ही ताबापावतीची प्रत पाठवली, तिच्यावर १ एप्रिल होती, आणि फाईल बंद झाली.