उजवीकडून डावीकडे: प्रत्येक संख्येत तिच्याहून मोठ्या सगळ्या मिळवताना

बायनरी सर्च ट्रीमधल्या प्रत्येक नोडमध्ये एक संख्या आहे; तिच्याहून लहान संख्या तिच्या डावीकडे आणि मोठ्या उजवीकडे असतात. ती बदलून तिथे नवी संख्या लिहायची: स्वतः ती संख्या, अधिक ट्रीमधल्या तिच्याहून मोठ्या सगळ्या संख्यांची बेरीज. ट्रीचा आकार तसाच ठेवायचा, बदलायच्या त्या फक्त आतल्या संख्या. लीटकोड या कोडिंगच्या सरावाच्या साइटवर हा प्रश्न 538 आणि 1038 अशा दोन क्रमांकांनी आहे. मागणी दोन्हीकडे एकच आहे, मर्यादा मात्र वेगळ्या. त्या मर्यादांमुळे काय फरक पडतो ते पुढे येईलच.

मी कोड लिहिण्याआधी कागदावर एक छोटं ट्री काढलं आणि शेवटपर्यंत त्यालाच धरून राहिले. 20, 11, 29, 5, 16, 40, 13 या क्रमाने संख्या घातल्या. मुळाशी 20, डावीकडे 11, उजवीकडे 29. 11 च्या डावीकडे 5, उजवीकडे 16, आणि 16 च्या डावीकडे 13. 29 ला फक्त उजवीकडे 40. हे ट्री मुद्दाम वाकडं घेतलं, कारण दोन्ही बाजू सारख्या असल्या की चुकीची पद्धतही कधीकधी बरोबर उत्तर देऊन जाते.

सर्वांत सरळ विचार असा, की प्रत्येक नोडपाशी थांबायचं, सगळं ट्री फिरून मोठ्या संख्या शोधायच्या आणि मिळवायच्या. दहा हजार नोड असतील तर दहा कोटी वेळा नोड पाहावे लागतात, ही एक अडचण. मला त्याहून महत्त्वाची वाटली ती दुसरी. मुळापासून सुरुवात केली तर 20 च्या जागी 20 + 29 + 40 म्हणजे 89 येतात. आता 11 ची पाळी. तिच्याहून मोठ्या संख्या गोळा करताना 20 दिसतच नाही, तिथे 89 बसलेत. बेरीज होते 11 + 89 + 29 + 40 + 16 + 13 = 198. बरोबर उत्तर 129 आहे. जास्तीचे 69 म्हणजे 29 आणि 40, कारण ते 89 च्या पोटात आधीच आहेत आणि आपण ते पुन्हा मोजले. म्हणजे जुन्या संख्यांची प्रत वेगळी ठेवायची नसेल, तर एकदा लिहिलेल्या संख्येकडे पुन्हा वळून पाहावंच लागू नये असा क्रम हवा.

मग वाटतं, मोठ्या संख्या तर उजवीकडेच असतात, तेव्हा प्रत्येक नोडने आपल्या उजव्या सबट्रीची बेरीज घ्यावी. 20 साठी हे जमतं, 29 साठीही जमतं. 16 वर आलं की अडतं. 16 च्या उजवीकडे काहीच नाही, म्हणून या हिशेबाने 16 चे 16 च राहतात. पण 20, 29 आणि 40 या तिन्ही 16 हून मोठ्या आहेत. त्या 16 च्या खाली नाहीत, वर आहेत. मुळापासून 16 पर्यंत येताना आपण 20 पाशी डावीकडे वळलो. ज्या नोडपाशी डावीकडे वळलो तो नोड आणि त्याची सगळी उजवी बाजू आपल्याहून मोठी असते. 11 पाशी आपण उजवीकडे वळलो, म्हणून 11 आणि 5 हिशेबात येत नाहीत. या प्रश्नाचा गाभा मला इथेच सापडला. एखाद्या नोडचं उत्तर त्याच्या खालून येतं त्यापेक्षा वरून जास्त येऊ शकतं, आणि वरचं ते खालपर्यंत पोचवायची सोय हवी.

इनऑर्डर फिरताना डावी बाजू, मग नोड, मग उजवी बाजू असा क्रम असतो आणि संख्या चढत्या क्रमाने हाती येतात. हाच क्रम उलटा केला, म्हणजे आधी उजवी बाजू, मग नोड, मग डावी, तर संख्या उतरत्या क्रमाने येतात. कोणत्याही नोडपाशी पोचेपर्यंत त्याच्याहून मोठं सगळं होऊन गेलेलं असतं आणि लहान एकही आलेलं नसतं. मग एक चालती बेरीज पुरते. माझ्या ट्रीवर ती अशी चालली: 40 वर 40, 29 वर 69, 20 वर 89, 16 वर 105, 13 वर 118, 11 वर 129, 5 वर 134. 16 ला जे वरून हवं होतं ते 89 बेरजेत आधीच येऊन बसलं होतं.

यात एक गोष्ट मला फार आवडली. फिरताना आपण कुठेही दोन संख्यांची तुलना करत नाही. कुठे जायचं ते ट्रीचे दुवे सांगतात, आतल्या संख्या सांगत नाहीत. म्हणून चालता चालता संख्या बदलत गेलो तरी वाट चुकत नाही, आणि लिहून झालेल्या नोडची संख्या पुन्हा वाचायची वेळही येत नाही.

कोडमध्ये खरा प्रश्न उरतो तो चालती बेरीज कुठे ठेवायची याचा. ग्लोबल व्हेरिएबल चालतं, पण तेच फंक्शन दुसऱ्या ट्रीवर पुन्हा चालवलं आणि बेरीज शून्यावर आणायची राहिली, तर जुना आकडा नव्या ट्रीत शिरतो. तसं झालं की सर्वांत मोठी संख्या बदललेली दिसते, आणि ती तर कधीच बदलता कामा नये. मी बेरीज फंक्शनला देऊन त्याच्याकडूनच परत घ्यायचं ठरवलं:

```python
def greater(node, total):
    if node is None:
        return total
    total = greater(node.right, total)
    total += node.val
    node.val = total
    return greater(node.left, total)

greater(root, 0)
```

तिसरी ओळ नीट वाचण्यासारखी आहे. नोड नसेल तर `total` परत जातं, शून्य नाही. सवयीने तिथे `return 0` लिहावंसं वाटतं, कारण रिकाम्या ट्रीची बेरीज शून्यच. पण हे फंक्शन सबट्रीची बेरीज सांगत नाही, आतापर्यंतची एकूण बेरीज पुढे नेतं. रिकाम्या बाजूने शून्य परत दिलं तर तिथपर्यंतची बेरीज दर वेळी हरवते आणि प्रत्येक नोडमध्ये मूळचीच संख्या राहते, 16 पुन्हा 16 च. 16 पुरती उजव्या सबट्रीच्या पद्धतीत झालेली चूकच परत येते, आणि इथे 20 आणि 29 सुद्धा चुकतात. म्हणून ज्या नोडला उजवं मूल नाही आणि जो कुणाच्या तरी डाव्या बाजूला आहे, असा एक नोड तपासणीच्या ट्रीत असायलाच हवा.

तपासणी मी तीन ठिकाणी केली. सर्वांत उजव्या नोडमध्ये मूळचीच संख्या हवी, इथे 40. सर्वांत डाव्या नोडमध्ये सगळ्या ट्रीची बेरीज हवी, इथे 134. आणि उलट्या इनऑर्डरमध्ये लागून येणाऱ्या दोन नोडच्या नव्या संख्यांची वजाबाकी केली की मूळ संख्या परत मिळायला हवी: 118 वजा 105 म्हणजे 13. या तिसऱ्या तपासणीतून हेही कळतं, की माहिती कुठेच गेलेली नाही. त्याच वाटेने फिरून, मागच्या नोडची नवी संख्या वजा करत गेलो तर जुनं ट्री पुन्हा उभं करता येतं.

नव्या ट्रीत शोध मात्र पूर्वीसारखा घेता येत नाही. माझ्या ट्रीत मुळाशी 89, डावीकडे 129 आणि उजवीकडे 69 आहेत, म्हणजे मोठं डावीकडे आणि लहान उजवीकडे. सगळ्या संख्या धन असतील तर निदान उलटा क्रम तरी टिकतो. 538 मध्ये संख्या उणे 10,000 पर्यंत जाऊ शकतात, आणि तिथे तोही टिकत नाही. मुळाशी 2, डावीकडे -3, उजवीकडे 5 घ्या. 5 चे 5, 2 चे 7, आणि -3 चे 4 होतात. डावीकडून वाचलं तर 4, 7, 5, म्हणजे ना चढता क्रम ना उतरता. तेव्हा शोधाशोध करायची असेल तर बदलाच्या आधीच उरकावी.

मर्यादांमधला दुसरा फरक नोडच्या संख्येचा आहे. 1038 मध्ये जास्तीत जास्त 100 नोड, 538 मध्ये 10,000. 1 ते 10,000 या संख्या चढत्या क्रमाने घातल्या तर ट्री म्हणजे उजवीकडे उतरणारी एक लांब साखळी होते आणि रिकर्शन तितकंच खोल जातं. पायथॉनची नेहमीची मर्यादा 1000 आहे, त्यामुळे `RecursionError` येतो. साखळी डावीकडे असली तरी येतो, कारण शेवटचा कॉल असला म्हणून पायथॉन त्याची जागा वाचवत नाही. म्हणून मी स्टॅक स्वतःच सांभाळला:

```python
stack, cur, total = [], root, 0
while stack or cur:
    while cur:
        stack.append(cur)
        cur = cur.right
    cur = stack.pop()
    total += cur.val
    cur.val = total
    cur = cur.left
```

माझ्या ट्रीवर आधी 20, 29, 40 स्टॅकमध्ये जातात आणि 40, 29, 20 असे बाहेर येतात. मग 11 आणि 16 आत जातात, 16 बाहेर येते, 13 आत जाऊन लगेच बाहेर येते, त्यानंतर 11 आणि शेवटी 5. उजव्या साखळीत या स्टॅकमध्ये सगळे 10,000 नोड एका वेळी साठतात, डाव्या साखळीत मात्र कधीही एकाहून जास्त नसतो. रिकर्शनला दोन्ही सारख्याच जड होत्या.

राहिला सारख्या संख्यांचा मुद्दा. या दोन्ही प्रश्नांत सगळ्या संख्या वेगवेगळ्या असतील असं सांगितलेलं आहे, पण इतरत्र अशी हमी नसते. 9, 7, 7, 4 या संख्या असतील तर वरचा कोड 9, 16, 23, 27 देतो. ‘स्वतः अधिक तिच्याहून मोठ्या’ हा शब्दशः अर्थ धरला तर दोन्ही 7 चे 16 च व्हायला हवेत, कारण 7 ही 7 हून मोठी नाही. सारख्या संख्या या फिरण्यात लागूनच येतात, म्हणून दुरुस्ती छोटी आहे. लिहायची संख्या एका व्हेरिएबलमध्ये आणि चालती बेरीज दुसऱ्यात ठेवायची. नवी मूळ संख्या मागच्यासारखीच असेल तर लिहायची संख्या तीच राहू द्यायची, बेरीज मात्र वाढवायची. मग 9, 16, 16, 27 येतात. मागची मूळ संख्या नोडमध्ये लिहिण्याआधी बाजूला काढून ठेवावी लागते, कारण लिहिल्यानंतर ती नोडमध्ये उरलेली नसते.