तुम्ही विचारलंत म्हणून: आयकराच्या नोटिशीतलं 'इश्यू' आणि 'सर्व्हिस'

"ताई, नोटीस एवढी सोप्या मराठीत करून देता, मग ते कलमं, रकमा, तारखा तशाच का ठेवता? ते पण सोपं करून टाका की."

सोपं केलं होतं एकदा, म्हणूनच आता करत नाही. काय झालं ते सांगते, थोडा वेळ लागेल पण सांगते.

सोलापुरात सात रस्त्याजवळ बसून मी पगारदार लोकांचे रिटर्न भरते, आणि कुणाला आयकर खात्याचा ईमेल आला की तो मराठीत लिहून देते, कारण माझ्याकडे येणारे बरेच जण अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यातले, इंग्रजी वाचता येतं पण नोटिशीचं इंग्रजी वाचताना छातीत धडधडतं. असेच एक काका, टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. पगारात घरभाडे भत्ता नाही, जुळे सोलापुरात महिना १२,००० भाड्याने राहतात, म्हणून जुन्या करपद्धतीत त्यांनी आयकर कायद्याच्या कलम 80GG खाली भाड्याची वजावट घेतली होती. रिटर्न त्यांनी स्वतःच भरलेलं. हिशोब बरोबर होता: उत्पन्न ८,००,०००, त्याचे दहा टक्के ८०,०००, वर्षाचं भाडं १,४४,०००, वजा जाता ६४,०००, पण या कलमात महिना ५,००० च्या वर मिळत नाही, म्हणजे वर्षाला ६०,०००. फक्त त्यासोबत भाड्याचं घोषणापत्र, म्हणजे फॉर्म 10BA ऑनलाइन भरावा लागतो, तो राहिला होता. म्हणून खात्याने कलम 143(1)(a) खाली कळवलं की ही वजावट काढून टाकायचा विचार आहे, तुमचं काय म्हणणं ते सांगा.

त्या नोटिशीत एक तक्ता असतो, तुम्ही रिटर्नमध्ये काय लिहिलं, खात्याच्या हिशोबाने काय येतं, आणि किती बदल करायचा प्रस्ताव आहे. शेवटच्या रकान्यात ६०,००० दिसत होते आणि काकांनी तोंडच पाडलं, "साठ हजार भरायचे का ओ?" नाही, ते भरायचे नाहीत, ते उत्पन्नात वाढवायचे आहेत. त्यांच्या स्लॅबला २० टक्के म्हणजे १२,०००, त्यावर ४ टक्के सेस ४८०, असे १२,४८०, व्याज वेगळं. म्हणजे आकडा बरोबर उतरवला तरी त्याच्या डोक्यावरचं नाव चुकलं तर माणूस रात्रभर झोपत नाही. मी तेव्हापासून त्या रकान्याला 'उत्पन्नात वाढवण्याचा प्रस्ताव' असंच लिहिते, 'येणे रक्कम' किंवा 'फरक' कधीच नाही. आणि 'प्रस्ताव' हा शब्द पण मुद्दाम, कारण अजून काही ठरलेलं नाही. कंसातला तो छोटा (a) म्हणून मी सोडत नाही. 143(1)(a) म्हणजे प्रस्ताव, बोलायची संधी. नुसतं 143(1) म्हणजे हिशोब झाला, निकाल. एक अक्षर गळलं की लोक एकतर उगाच घाबरतात, नाहीतर संधी असताना हातावर हात धरून बसतात.

पण खरी चूक माझी झाली ती मुदतीत. नोटिशीत लिहिलं होतं की उत्तर नोटीस इश्यू झाल्यापासून तीस दिवसांत. मी सहज, बोलतो तसं, लिहिलं "नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्या". मराठीत नोटीस मिळते, आपण 'नोटीस आली, नोटीस मिळाली' असंच म्हणतो ना, हातच तसा वळतो. नोटिशीवर तारीख होती ४ सप्टेंबर. काका तो ईमेल रोज बघत नव्हते, त्यांच्या मुलाने २१ तारखेला उघडला, दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आणला, मी मराठी करून दिलं, आणि त्यांनी माझ्या कागदावरून साधा हिशोब केला, २१ ऑक्टोबरपर्यंत वेळ आहे. कारखान्यात ऑर्डरची घाई होती, १० ऑक्टोबरला सवडीने आले. कायद्यात मात्र मोजणी होती ४ सप्टेंबरपासून, शेवटचा दिवस ४ ऑक्टोबर, आणि उत्तर नाही आलं तर खातं प्रस्तावाप्रमाणे बदल करून टाकतं. पोर्टल उघडून बघितलं, उत्तर द्यायची वेळ संपलेली. मी काकांसमोर काहीच बोलू शकले नाही, कारण त्यांचा हिशोब बरोबर होता, माझा शब्द चुकला होता.

पुढे 143(1) चा निकाल आला, १२,४८० आणि वरचं व्याज, डिमांड म्हणून. आणि तिथेही तीस दिवसच असतात, पण इथे मोजणी वेगळी! डिमांडची नोटीस कलम 156 ची, आणि पैसे भरायची मुदत कलम 220(1) मध्ये, ती नोटीस सर्व्ह झाल्यापासून, म्हणजे बजावल्यापासून तीस दिवस. दोन्ही ठिकाणी आकडा ३० च, पण एकीकडे काढल्याची तारीख धरायची, दुसरीकडे बजावल्याची. आणि मुदत गेली की 220(2) खाली महिन्याला एक टक्का व्याज, महिना पूर्ण नसला तरी त्या तुकड्याला पण पूर्ण एक टक्का, आणि हा 'तुकड्याला पण' बऱ्याच मराठी कागदांत गळून गेलेला मी पाहिलाय. काकांनी मग फॉर्म 10BA भरला, 154 खाली दुरुस्तीचा अर्जही केला, पण दोन महिने धावपळ झाली ती टळली असती.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. आधी मूळ इंग्रजी वाक्य जसंच्या तसं उतरवते, त्याच्याखाली मराठी, आणि 'इश्यू' ला 'काढल्याची तारीख', 'सर्व्हिस' ला 'बजावल्याची तारीख', 'मिळाल्याची' हा शब्द मी पूर्ण सोडलाय. मुदत नुसते दिवस लिहून ठेवत नाही, कॅलेंडरवर मोजून शेवटचा दिवस लिहिते, पण दिवसांचा आकडा पण सोडत नाही, कारण माझी मोजणी चुकली तर समोरच्याला पडताळता आली पाहिजे. 139(9) ची, म्हणजे रिटर्न सदोष आहे अशी नोटीस आली तर तिथे १५ दिवस असतात, कळवल्याच्या तारखेपासून, त्यामुळे 'साधारण महिना असतो' असं डोक्यात ठेवून चालत नाही. कलमाचा नंबर पण मराठी आकड्यात बदलत नाही, पोर्टलवर जसा दिसतो तसाच, कारण माणूस घरी जाऊन मोबाइलवर तेच शोधणार, आणि सीएकडे फोन केला तर तेच वाचून दाखवणार. आता १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू, त्यात कलमांचे नंबर बदलले, पण आधीच्या वर्षांच्या नोटिसा जुन्याच नंबरने येणार, त्यामुळे नंबर 'आठवणीने' लिहिणं तर आता अजूनच धोक्याचं.

काकांना दिलेला तो जुना कागद मी परत मागून घेतला, आणि त्याच्या जागी नवा लिहून दिला, पहिली ओळ अशी: "कलम 143(1)(a). नोटीस काढल्याची तारीख ४ सप्टेंबर. उत्तराची मुदत काढल्यापासून ३० दिवस. शेवटचा दिवस ४ ऑक्टोबर." त्यांच्या कामाचा तो आता नव्हता, पण यंदा त्यांच्या शेजारच्या मशीनवरच्या माणसाला 80GG ची तशीच नोटीस आली तेव्हा काकांनी तोच कागद त्याला दाखवला, आणि तो माणूस अकराव्या दिवशी माझ्याकडे आला.