ब्लाउज पुढून वर चढतो तेव्हा: मांजरपाटाच्या ट्रायलवरच्या चुण्या, नोंद 1 ते 3

काम: साधा टक्सचा ब्लाउज, पुढच्या भागाला बाजूचा एक आणि कंबरेचा एक टक्स. काखेखालून घेतलेली वरची छाती 34 इंच, भरलेली छाती 38. कटिंग 34 वरच्या छातीच्या पॅटर्नचं, म्हणजे खांदा आणि पाठ बरोबर. पण तो पॅटर्न भरलेली छाती 36 धरतो, त्यामुळे समोर 2 इंच कमी पडणार हे कागदावरच कळत होतं. ते कापडावर कसं दिसतं, ते इथे.

कापड मंगलदास मार्केटमधला मांजरपाट, आधी धुऊन, खळ पूर्ण काढून, इस्त्री केलेला. खळ राहिली तर कापड पुठ्ठ्यासारखं उभं राहतं आणि नसलेल्या चुण्या दाखवतं. शिवण्याआधी पुढच्या आणि मागच्या भागावर पेन्सिलीने दोन रेघा मारल्या: एक उभ्या धाग्यावर, एक छातीच्या उंचीवर आडवी. चुण्या वाचताना निम्मं काम या रेघाच करतात. बाह्या लावल्या नाहीत. मुंढ्याच्या शिलाईच्या दाबाला मात्र दर 1/2 इंचावर कात्रीची टिचकी दिली, नाहीतर तो दाबच काखेत अडून स्वतःच्या चुण्या पाडतो.

ट्रायल 1. ज्या ब्रावर ब्लाउज घालायचा तीच घालून, हुकपट्टी टाचण्यांनी बंद करून, हात खाली सोडून फोटो. आरशात मान वळवून पाहिलं की खांदा हलतो आणि चुण्याही हलतात. दोन प्रकार दिसले.

पहिला: दोन्ही बाजूंना छातीच्या टोकापासून खाली बाजूच्या शिलाईकडे तिरप्या, ताठ, दोरी ओढल्यासारख्या रेघा. पुढची कड वर चढलेली. पेन्सिलीची आडवी रेघ छातीवर कमानीसारखी वर गेलेली. मुंढ्याला समोर पोकळ फुगा.

दुसरा: फक्त उजवीकडे, गळ्याच्या बाजूकडून काखेकडे उतरणारी मऊ घडी. चिमटीत धरली तर सहज येते.

हा फरक पक्का डोक्यात हवा. ताठ रेघ म्हणजे कापड कमी, आणि तिचं एक टोक अडलेल्या जागेकडे बोट दाखवतं. मऊ घडी म्हणजे कापड जास्त.

आधी खांदा, कारण सगळा ब्लाउज तिथूनच लटकतो. उजव्या खांद्याच्या बाहेरच्या टोकाला शिलाईवर 1/2 इंच चिमटा घेतला (पुढून 1/4, मागून 1/4), गळ्याकडे शून्यावर आणला. घडी गेली. उजवा खांदा उतरता आहे, एवढंच. पण खांदा उतरवला की काख वर येऊन रुतते, म्हणून मुंढ्याचा तळही 1/4 इंच खाली घेतला. मुंढ्याची लांबी तीच राहिली, बाहीला हात लावावा लागला नाही.

ट्रायल 2. ताठ रेघा तशाच. इथे सगळ्यात मोठा मोह मुंढ्यातला फुगा टक्स घालून मारण्याचा. तसं केलं की फुगा जातो, पण मुंढा आखूड होतो आणि छातीवरची ओढ वाढते. फुगा हे जास्तीचं कापड नाही. छातीवर कापड पुरत नाही म्हणून ते वर मुंढ्याकडे उचललं जातं.

खात्री करायला ट्रायल अंगावरच कापली. कंबरेच्या टक्सला लागून, छातीच्या टोकाच्या 2 इंच वरून कडेपर्यंत उभी चीर. आणि टोकापासून बाजूच्या टक्सच्या वरून, शिलाईच्या 1/2 इंच आधीपर्यंत आडवी. कापड आपणहून उघडलं: उभी चीर 1 इंच, आडवी 3/4. मागे तुकडा टाचून बंद केलं तशा रेघा विरल्या, फुगा बसला, पेन्सिलीची रेघ सरळ झाली. एका बाजूला 1, दोन्ही मिळून 2: कागदावरचा आकडा जुळला.

पॅटर्नवर. टोकापासून उभी खाली कडेपर्यंत, टोकापासून वर मुंढ्याच्या खालच्या तिसऱ्या भागाकडे, आणि बाजूच्या टक्समधून टोकापर्यंत, अशा तीन रेघा कापल्या. मुंढ्यापाशी शिलाईच्या रेघेवर कागद बिजागरीसारखा जोडलेला ठेवला. टोकापाशी आणि खाली कडा समांतर ठेवून 1 इंच उघडलं. बाजूचा टक्स आपोआप रुंद झाला. हुकपट्टीकडचा तुकडा आडवा कापून त्याचा खालचा भाग खाली सरकवला आणि कड जुळवली. कंबरेला वाढलेला 1 इंच कंबरेच्या टक्समध्ये घेतला. टक्सचं टोक छातीच्या टोकाच्या 1 इंच आधी थांबवलं, नाहीतर तिथे चोच निघते.

ट्रायल 3. हात खाली असताना समोर चुणी नाही, कड सरळ. हात वर केला की काखेकडून रेघा येतात; त्या काढायला जाऊ नये, न ताणणाऱ्या विणीच्या कापडात त्या येणारच. अस्तरासाठी हाच पॅटर्न. बाहेरून टू बाय टू रुबिया. तो मांजरपाटापेक्षा मऊ, म्हणून पहिली शिलाई लांब टाक्यांची आणि बाजूच्या शिलाईत 1 इंच दाब राखून.