मोराच्या चिंचोलीत हुरड्याचा शनिवार-रविवार

पुण्याहून अहिल्यानगरच्या रस्त्याने निघाले की वाघोलीची कोंडी पार करून शिक्रापूर गाठायचे आणि तिथून आत वळायचे, म्हणजे कान्हूर मेसाईच्या बाजूने मोराची चिंचोली येते. शिरूर तालुक्यातल्या या गावात आता बऱ्याच शेतकऱ्यांनी कृषी पर्यटन सुरू केले आहे. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही त्यांपैकी एका शेतावर मुक्कामाला गेलो. आम्ही दोघे, सासूबाई, नऊ वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा असा लवाजमा होता. शनिवारी सकाळी अकराला पोहोचायचे आणि रविवारी दुपारचे जेवण उरकून निघायचे, असा तिथला रिवाज आहे.

हिवाळ्यात इथे येण्याचे खरे कारण हुरडा. रब्बीची ज्वारी पेरल्यापासून साधारण नव्वद ते शंभर दिवसांनी दाणा हुरड्याला येतो, आणि एका वाफ्यातला हुरडा फार तर आठ-दहा दिवस टिकतो. त्यानंतर दाणा कडक होतो. आमच्या यजमानांनी म्हणूनच सुरती आणि गुळभेंडी या हुरड्याच्या ज्वारी एकदम न पेरता दहा-बारा दिवसांच्या अंतराने तीन तुकड्यांत पेरल्या होत्या. आमच्या वाट्याला आलेला तुकडा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातला होता, म्हणजे हिशेबाने तो जानेवारीच्या सुरुवातीला तयार व्हायला हवा होता आणि तसाच तो झाला होता. कणीस काढण्याआधी काकांनी मुलीच्या हातात एक दाणा ठेवला. "नख लावून बघ. दूध आलं तर अजून कच्चा, नखाला चिकटून मऊ लागला तर हुरडा, आणि नखच लागंना तर त्याची भाकरीच करायची." पुढचा तासभर तिने शेतातले दाणे तपासण्यातच घालवला, आणि दुसऱ्या कोणत्याही कार्यक्रमापेक्षा तिला तेच जास्त आवडले, असे माझे मत आहे.

भाजण्यासाठी जमिनीत हातभर खड्डा खणून त्यात गोवऱ्या पेटवतात, ही आगटी. ज्वाळा विझून निखारा झाला की कणसे त्या गरम राखेत खुपसायची आणि थोड्याच मिनिटांत बाहेर काढायची. ज्वाळेवर धरले तर वरचे दाणे करपतात आणि आतले हिरवेच राहतात. गरम कणीस पोत्यावर धरून तळहाताने चोळले की दाणे सुटतात, मग ते सुपात घेऊन कोंडा पाखडायचा. चोळण्याचे काम काकू आणि त्यांच्या जाऊबाई करत होत्या. हौसेने पुढे झालेल्या शहरी पाहुण्यांचे हात दुसऱ्या कणसालाच भाजतात. हुरड्याबरोबर शेंगदाण्याची, लसणाची आणि कारळाची चटणी, गूळ, घट्ट दही, गोडी शेव, बोरे आणि हरभऱ्याचा डहाळा होता. हुरडा गरम असतानाच खावा, कारण गार झाला की त्याचा गोडवा झपाट्याने उतरतो. भरपूर हुरडा खाल्ल्यावर लगेच पाणी पिऊ नये, असे सासूबाईंनी आणि काकूंनी एकाच सुरात बजावले.

हुरडा अकरा ते एकच्या दरम्यान मिळतो आणि दुपारचे जेवण अडीचला. तरीही भूक लागत नाही, ही या आखणीतली एकमेव चूक. जेवणात पिठले, ज्वारीची भाकरी, भरले वांगे आणि ठेचा होता. रात्रीसाठी मात्र आम्ही मासवडी सांगून ठेवली होती. शिरूर, जुन्नर, पारनेर या भागाचा हा खास पदार्थ आयत्या वेळी मागून मिळत नाही. काकूंनी बेसनाचे घट्ट पिठले ओल्या फडक्यावर थापले, त्यावर भाजलेले खोबरे, तीळ, कांदा आणि लसणाचे सारण पसरले, फडक्याच्याच आधाराने त्याची गुंडाळी केली आणि दोन्ही हातांनी दाबून तिला माशासारखा आकार दिला. मग वड्या कापून झणझणीत रश्श्याबरोबर वाढल्या. लहान मुलांसाठी तिखट कमी करून देतात, पण ते आधी सांगावे लागते.

बाकीच्या कार्यक्रमांत बैलगाडीची फेरी, गोठ्यातली धार, ज्वारीवरची पाखरे हाकायला गोफण आणि संध्याकाळी मोर पाहायला जाणे एवढे होते. मोरांविषयी एक स्पष्ट सांगायला हवे. पावसाळ्यानंतर मोराचा पिसारा झडतो आणि हिवाळ्यात तो पुन्हा वाढत असतो, त्यामुळे हुरड्याच्या दिवसांत मोर दिसतात, पण पिसारा फुलवून नाचणारा मोर दिसेलच असे नाही. त्यासाठी पावसाच्या तोंडावर यावे. तेव्हा हुरडा नसतो. दाणे टिपायला मोर पहाटे आणि दिवस मावळताना शिवारात उतरतात, म्हणून सहाला उठण्याची तयारी ठेवावी. अंधार पडल्यावर मात्र अंगणाबाहेर जायचे नाही, हा यजमानांचा नियम कडक होता. या पट्ट्यातल्या उसात बिबट्याचा वावर असतो आणि हा नियम पाहुण्यांना घाबरवण्यासाठी केलेला नाही.

दर माणशी आकारतात. मुक्कामासह शनिवारचा हुरडा, दोन्ही दिवसांचे चहा-नाश्ते आणि जेवणे धरून मोठ्यांना 1,800 रुपये, पाच ते दहा वर्षांच्या मुलांना निम्मे आणि त्याहून लहान मुलांना काही नाही. आमचे तिघांचे 5,400 आणि मुलीचे 900 मिळून 6,300 रुपये झाले. नुसते दिवसभरासाठी आल्यास 800 रुपये माणशी होतात. मासवडीचे आणि घरी नेलेल्या हुरड्याचे पैसे वेगळे पडले. खोल्या साध्या, पण स्वच्छ आहेत. गरम पाणी बंबाचे असल्याने सकाळी एकापाठोपाठ एक अंघोळी उरकाव्या लागतात.

नोंदणी फोनवरच होते आणि डिसेंबर-जानेवारीचे शनिवार-रविवार तीन आठवडे आधीच भरतात. निम्मी रक्कम, म्हणजे आमच्या बाबतीत 3,150 रुपये, आगाऊ पाठवली की तारीख पक्की होते. आठ दिवस आधी कळवल्यास ती दुसऱ्या तारखेला वळती करतात, परत मात्र देत नाहीत. फोन केल्यावर सगळ्यात आधी "त्या शनिवारी कोणता तुकडा हुरड्यावर असेल आणि तो कधी पेरला होता?" असे विचारावे. पेरणीची तारीख लगेच सांगणारा शेतकरी हुरडा स्वतःच्या शेतातला देतो; "या, हुरडा असतोच" एवढेच उत्तर आले, तर तो बाहेरून आणलेला, क्वचित शीतपेटीतलाही असू शकतो. महाराष्ट्राचे कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आले आणि त्यानुसार पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. ते प्रमाणपत्र आहे का, हेही त्याच फोनवर विचारायला हरकत नाही. थंडी लांबली किंवा आभाळ भरून राहिले तर हुरडा चार-सहा दिवस मागे-पुढे होतो, म्हणून निघण्याच्या दोन दिवस आधी पुन्हा एक फोन करावा आणि जेवणाऱ्यांचा नेमका आकडा त्याच वेळी कळवावा. चालक बरोबर असल्यास त्यालाही त्यात धरावे.