एक दिवस मागे सरकलेलं कॅलेंडर

सापडला! गेरच्या, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीच्या, रात्री दोन कुटुंबं आमच्या होमस्टेच्या एकाच खोलीच्या दारात उभी राहिली होती, त्यामागचा घोटाळा अखेर सापडला. तेव्हा एका कुटुंबाला मावशीकडे पाठवून वेळ निभावली होती. आई अजून ऐकवते, ‘तुझी वही बरी होती.’

त्यातल्या एका कुटुंबाने थेट आमच्या साइटवर १८ ते २० मार्च असं बुकिंग केलं होतं, म्हणजे १८ आणि १९च्या रात्री. १९ला रंगपंचमी. तरी कमिशनवाल्या साइटला १९ची रात्र मोकळी दिसली आणि तिने ती विकली.

माझा पहिला संशय `DTEND`वर गेला. आमच्या भरलेल्या तारखा त्या साइटला कळवणाऱ्या आयकॅल फीडमध्ये ही तारीख निघण्याची असते, त्या रात्री खोली मोकळीच धरतात. ‘इथेच चुकतंय’ असं समजून मी तिच्यात एक दिवस वाढवला. १९ची रात्र बंद झाली आणि मी खूश! दोन आठवड्यांनी लक्षात आलं की प्रत्येक बुकिंगच्या आदली रात्रही उगाच बंद दिसतेय. म्हणजे `DTEND`चा हिशोब बरोबरच होता, अख्खं बुकिंगच एक दिवस मागे सरकलं होतं. रात्री दोनच राहत असल्याने बिल बरोबर यायचं, म्हणून कुणाला शंका आली नाही.

मूळ इथे होतं:

```
const d = new Date(2025, 2, 18);
d.toISOString().slice(0, 10); // 2025-03-17
```

(महिने शून्यापासून मोजतात, म्हणून २ म्हणजे मार्च.) पाहुण्याच्या फोनवर १८च्या मध्यरात्रीची वेळ तयार होते. `toISOString()` ती यूटीसीत नेतं आणि आपण साडेपाच तास पुढे असल्याने तिथे अजून १७च्या संध्याकाळचे साडेसहा असतात. सर्व्हर यूटीसीवर चालतो, त्यामुळे तिथे हेच तपासलं की उत्तर बरोबर यायचं. चार संध्याकाळी त्यातच गेल्या.

आता तो देखणा, रेडिमेड कॅलेंडर प्लगिन काढून टाकलाय. साधं `<input type="date">` ठेवलंय. ते `2025-03-18` असा मजकूरच देतं आणि तो तसाच डेटाबेसात जातो. मुक्कामाच्या तारखेला घड्याळ हवंच कशाला? `DTEND`मधला तो जादा दिवसही काढला. जुनी बुकिंगं मात्र वहीशी ताडून हातानेच दुरुस्त केली. आई जिंकली.

काल थेट बुकिंग आलं, महाकालला जाणारं कुटुंब, दोन रात्री. कमिशनचे पंधरा टक्के वाचले! तारखा तीनदा तपासल्या.

खोल्यांच्या पानांवर आता फोटो टाकणार होतो. पण लिहिता लिहिता सुचलं: फीड बरोबर असलं तरी समोरची साइट ते तिच्या सवडीने, काही तासांनी उचलते. तेवढ्या फटीत दोघांना एकच रात्र विकली जाऊ शकतेच. मग गेरच्या आठवड्यात माडीवरची खोली तिकडे दाखवायचीच नाही, फक्त आपल्या साइटवर ठेवायची. फोटो नंतर. आधी खोलीवार ‘फक्त थेट’ अशी खूण बनवतो.