दोन वाजता घरी गेलेला पेशंट सहाला वॉर्डातच

इंग्लंडात मी एका हॉस्पिटलात बेड मोजतो. घरी सांगताना लाज वाटते, पण पगार त्याचाच मिळतो. यंदा रजेवर कुडाळला आलो, तर मावसबहीण, म्हणजे ताई, तेच घेऊन बसली. तिच्याकडे ३० खाटांचा मेडिसिन वॉर्ड आहे. "रात्री बाराच्या मोजणीत खाट शिल्लक दिसते, मग संध्याकाळी माणसं खाली गादीवर का?"

तिने रजिस्टरातून मागच्या सहा सोमवारच्या नोंदी उतरवून आणल्या होत्या, नावं वगळून. डिस्चार्जच्या वेळा बघितल्या तर जवळजवळ सगळ्या २:००. दोनला ड्यूटी बदलते, जाता जाता सिस्टर सगळे डिस्चार्ज एकदम लिहून टाकते. ती कागदाची वेळ झाली, खाटेची नव्हे. खरी वेळ शोधायला ताईने त्याच पेशंटांचे टीपीआर चार्ट काढले. दोनला 'गेलेल्या' कितीतरी जणांचं सहाचं टेंपरेचर तिथे व्यवस्थित लिहिलेलं!

मग एका सोमवारचं गणित नव्याने मांडलं. सकाळी ८ ला २६ पेशंट. संध्याकाळी ६ पर्यंत ११ नवे भरती. दिवसभराचे डिस्चार्ज १०, पण सहाच्या आत खरोखर गेलेले फक्त ४. म्हणजे २६ अधिक ११ वजा ४, झाले ३३. तिघं जमिनीवर. पुढे रात्री बारापर्यंत आणखी २ आले, राहिलेले ६ गेले, आणि मोजणीत २९. वरच्या साहेबांना दिसतो तो हाच आकडा.

अंदाज बांधायचा तोही असाच. सकाळचे पेशंट हाताशी असतात. भरती आणि सहाच्या आतले डिस्चार्ज मागच्या त्याच वारांवरून घ्यायचे. मात्र नुसती सरासरी काढू नये. सहापैकी किती सोमवारी तीसच्या वर गेलो तेही बघावं. आणि भातलावणीत लेप्टोचे तापकरी वाढले की उन्हाळ्यातले सोमवार काही कामाचे नाहीत.

तिकडे इंग्लंडातही दुखणं हेच. घरी न्यायच्या औषधांसाठी पेशंट दुपारभर खाट अडवून बसतो. म्हणून वॉर्डातले एक तृतीयांश डिस्चार्ज दुपारी १२ च्या आत व्हावेत असं तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचं, एनएचएसचं, धोरण आहे, आणि जायला निघालेल्यांना बसायला खुर्च्यांची वेगळी खोली असते.

ताईने रजिस्टरात पेनने दोन रकाने आखले: 'कार्ड तयार' आणि 'खाट रिकामी'. चौथ्या दिवशी मला दाखवायला आणले. एका आजोबांचं कार्ड १:३० ला तयार, खाट रिकामी ६:१० ला.

"एवढा वेळ कशाला?" मी विचारलं.

"त्यांच्या गावाक एस्टी साडेपाचाक आसा," ताई म्हणाली. "त्या दिवशी ती पण उशिरान इली."