संदेशाची वेळ साडेचार तासांनी का चुकते?

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसांच्या घरी मार्च संपता संपता एक प्रश्न हमखास येतो. पुण्याहून किंवा कोल्हापुरातून कोणीतरी विचारते, “तुझा मेल मला दुपारी अडीचला आला, मग त्यावर सकाळचे दहा कसे दिसतात?” किंवा याच्या उलट, इथल्या लॅपटॉपवर सकाळी दहा वाजता उघडलेल्या मेलवर दुपारी अडीचची वेळ दिसते, म्हणजे अजून न उजाडलेल्या दुपारचा मेल आधीच येऊन बसलेला असतो. अशा वेळी बहुतेकांना इंटरनेट बिघडले आहे असे वाटते. खरे कारण जवळजवळ नेहमी त्या लॅपटॉपच्या किंवा फोनच्या दोन सेटिंगांमध्ये असते, आणि ती समजून घेतली तर फरकाच्या आकड्यावरूनच दोष कुठे आहे हे सांगता येते.

आपण घड्याळात जी वेळ पाहतो ती कोणतेही यंत्र मनात धरून ठेवत नाही. फोन आणि संगणक एकच जागतिक वेळ धरून चालतात. तिला यूटीसी म्हणतात आणि ती सगळ्या पृथ्वीवर एकच असते. भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे असते. ब्रिटन हिवाळ्यात तिच्याबरोबर असतो आणि उन्हाळ्यात एक तास पुढे. म्हणून भारत आणि ब्रिटन यांच्यातील अंतर हिवाळ्यात साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास असते. संदेश आला की यंत्र त्यावरचा जागतिक क्षण वाचते, स्वतःच्या प्रदेशाचा फरक त्यात मिळवते आणि बेरीज पडद्यावर दाखवते. या बेरजेत फक्त दोन गोष्टी चुकू शकतात. एकतर यंत्राला जागतिक वेळच चुकीची माहीत असते, किंवा आपण कुठल्या प्रदेशात आहोत हे त्याला चुकीचे सांगितलेले असते. सर्वांत जास्त गोंधळ तेव्हा होतो जेव्हा माणूस दुसरी चूक दुरुस्त करायला जाऊन पहिली करून ठेवतो.

माझा मावसभाऊ शिकण्यासाठी लीड्सला आला तेव्हा त्याच्या पुण्यात घेतलेल्या लॅपटॉपचे असेच झाले होते. लॅपटॉपचा टाइम झोन विंडोजच्या यादीत दिसतो तसा `(UTC+05:30) Chennai, Kolkata, Mumbai, New Delhi` असाच राहिला होता आणि घड्याळ पुण्याची वेळ दाखवत होते. त्याने `Set time automatically` बंद केले आणि घड्याळ हाताने साडेचार तास मागे घेतले. पडद्याच्या कोपऱ्यात लीड्सची बरोबर वेळ दिसू लागली आणि त्याचे समाधान झाले. परंतु झोन भारताचाच असल्यामुळे लॅपटॉपच्या दृष्टीने ती भारतातली सकाळची दहाची वेळ होती, म्हणजे यूटीसीत पहाटेचे साडेचार. प्रत्यक्षात त्या क्षणी यूटीसीत सकाळचे नऊ वाजले होते. दिसणारे घड्याळ बरोबर झाले आणि त्यामागची वेळ साडेचार तासांनी मागे पडली.

त्यानंतर लॅपटॉपवरच्या मेलच्या प्रोग्रॅममधून त्याने आपल्या प्राध्यापकांना एक निबंध पाठवला. ब्राउझरमध्ये मेल उघडून पाठवला तर वेळेची नोंद सेवा देणारा सर्व्हर करतो. लॅपटॉपवरचा वेगळा प्रोग्रॅम मात्र मेलवरची तारीख-वेळ लॅपटॉपच्याच घड्याळावरून लिहितो. प्रत्येक मेलच्या मागे जो तपशील दडलेला असतो त्यात हे स्पष्ट दिसते. जीमेलमध्ये `Show original` दाबले की तो तपशील उघडतो. मावसभावाच्या मेलमधल्या आपल्या कामाच्या दोन ओळी, मधला भाग गाळून, अशा होत्या:

```
Received: ...; Tue, 8 Apr 2025 09:00:04 +0000
Date: Tue, 8 Apr 2025 10:00:00 +0530
```

खालची ओळ त्याच्या लॅपटॉपने लिहिली आहे आणि वरची मेल स्वीकारणाऱ्या सर्व्हरने. दोन्ही वेळा यूटीसीत आणून पाहाव्यात. दहामधून साडेपाच वजा केले की पहाटेचे साडेचार उरतात, आणि सर्व्हर सांगतो नऊ. मेल चार सेकंदांत पोचला होता, परंतु कागदोपत्री तो साडेचार तास वाटेत होता. प्राध्यापकांच्या पडद्यावर जर `Date` ओळीतील वेळ दिसत असेल, तर त्यांना तो निबंध पहाटे साडेपाचला पाठवलेला दिसणार, आणि त्याच मेलची प्रत पुण्यात मावशीला सकाळी दहाची दिसणार. काही मेल प्रोग्रॅम पाठवल्याची वेळ दाखवतात आणि काही पोचल्याची, म्हणून एकाच मेलबद्दल दोन माणसे दोन वेळा सांगतात आणि दोघेही आपापल्या पडद्यापुरते बरोबर असतात. निबंध वेळेत दिला की नाही असा वाद झाल्यास `Received` ओळीतील वेळ ग्राह्य धरावी, कारण ती पाठवणाऱ्याच्या घड्याळावर अवलंबून नसते.

दुरुस्ती सोपी आहे, मात्र तिचा क्रम पाळावा. विंडोजच्या सेटिंगमध्ये `Time & language` खाली `Date & time` उघडावे. आधी टाइम झोन `(UTC+00:00) Dublin, Edinburgh, Lisbon, London` असा निवडावा, मग `Set time automatically` पुन्हा सुरू करावे आणि `Sync now` दाबावे. घड्याळाच्या काट्यांना हात लावू नये. मावसभावाने असे करताच त्याच्याकडे आलेल्या सर्व जुन्या मेलांच्या वेळा क्षणात सरळ झाल्या, कारण त्या मेलांमध्ये साठवलेला क्षण बरोबरच होता, फक्त दाखवताना चूक होत होती. त्याने मधल्या दिवसांत पाठवलेल्या मेलांवरची चुकीची वेळ मात्र कायमची राहिली. ती त्या मेलांच्या आतच लिहिली गेली आहे आणि आता कोणत्याही सेटिंगने बदलणार नाही.

यादीतून झोन निवडतानाही एक खाचखळगा आहे, आणि तो हिवाळ्यात येणाऱ्यांना हमखास लागतो. शून्य फरकाचे झोन विंडोजमध्ये एकापेक्षा जास्त आहेत. लंडनच्या नावाचा एक, `Monrovia, Reykjavik` असा दुसरा, आणि नुसता `Coordinated Universal Time` हा आणखी एक. जानेवारीत यांपैकी कोणताही निवडला तरी घड्याळ अचूक चालते, म्हणून चूक झाली आहे हे कळायला मार्गच नसतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी लंडनचा झोन एक तास पुढे जातो आणि बाकीचे दोन जागेवरच राहतात, कारण आइसलँड आणि लायबेरियात उन्हाळी वेळ पाळत नाहीत. त्या दिवसापासून आलेला प्रत्येक संदेश बरोबर एक तास आधीचा दिसू लागतो. झोन लंडनचाच असूनही असे होत असेल, तर `Adjust for daylight saving time automatically` हे बटण बंद आहे का ते पाहावे.

आपल्याकडच्या अर्ध्या तासाचा इथे फार उपयोग होतो. ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेच्या मुख्य भूमीवर राहणाऱ्याच्या संदेशांत साडेचार, साडेपाच, साडेनऊ किंवा साडेदहा तासांचा फरक दिसला, तर कुठल्यातरी यंत्रावर भारताचा झोन राहून गेला आहे असे जवळपास खात्रीने समजावे, कारण या देशांच्या आपसांतील फरकांत अर्धा तास येत नाही. फरक नेमका एक तासाचा असेल तर बहुधा उन्हाळी वेळेचे सेटिंग चुकले आहे. आणि फरक सात मिनिटे, बावीस मिनिटे असा वेडावाकडा असेल तर झोनचा काही संबंध नाही, ते घड्याळच हळूहळू मागेपुढे गेले आहे आणि त्याला फक्त इंटरनेटवरून वेळ जुळवून घेण्याची गरज आहे.

फोनच्या बाबतीत हा प्रसंग वेगळ्या वाटेने येतो. अँड्रॉइड फोन आपला झोन मुख्यतः मोबाइल नेटवर्ककडून घेतो. भारतीय सिम बंद ठेवून पहिले काही दिवस नुसत्या वायफायवर काढणाऱ्या आईवडिलांच्या फोनला आपण देश बदलला आहे हे कळेलच असे नाही. आयफोनमध्ये स्थान ओळखण्याच्या परवानग्या बंद करताना `Setting Time Zone` हेही बंद झालेले असेल तर तसेच होते. झोन भारताचा आणि जागतिक वेळ बरोबर, अशा स्थितीत काहीच बिघडत नाही. फोन फक्त घरची वेळ दाखवत राहतो, आणि काही ज्येष्ठांना तेच सोयीचे वाटते. ती स्थिती तशीच ठेवायला माझी काही हरकत नाही. हरकत आहे ती हाताने काटे फिरवण्याला. तसे केल्यावर व्हॉट्सॲप फोनची तारीख चुकीची असल्याचे सांगून अडू शकते. बँकेच्या किंवा ऑफिसच्या खात्यासाठी दर तीस सेकंदांनी बदलणारे सांकेतिक अंक देणारे ॲप वापरत असाल, तर ते अंक नाकारले जाऊ लागतात, कारण ते यूटीसीवरून काढलेले असतात. अंक अचानक चालेनासे झाले आणि घड्याळ वरवर बरोबर दिसत असेल, तर काटे हाताने फिरवलेले आहेत असा संशय आधी घ्यावा.

सेटिंग अगदी बरोबर असूनही वेळा उलटसुलट दिसतात अशी वर्षातून एक रात्र असते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, बहुतेकदा दिवाळीच्या आसपास, ब्रिटनमध्ये रात्री दोन वाजता घड्याळे पुन्हा एकवर येतात आणि एक ते दोन हा तास दोनदा जातो. 26 ऑक्टोबर 2025 च्या त्या रात्री एखाद्याने इथून पहिल्या फेरीत 1.50 ला संदेश पाठवला आणि वीस मिनिटांनी दुसरा पाठवला, तर दुसऱ्यावर त्याच्या फोनमध्ये 1.10 अशी वेळ दिसणार, आणि तरीही तो पहिल्याच्या खालीच असणार. महाराष्ट्रातल्या फोनवर हेच दोन संदेश सकाळी 6.20 आणि 6.40 असे सरळ दिसतात, कारण भारतात उन्हाळी वेळ नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काही वर्षे भारतातही घड्याळे एक तास पुढे ठेवली होती, परंतु युद्ध संपल्यावर ती पद्धत बंद झाली. त्या रात्रीच्या गप्पांचा स्क्रीनशॉट कोणी इथून पाठवला तर त्यात झोन कुठेच लिहिलेला नसतो, म्हणून त्यातील क्रम वेळेवरून न लावता संदेशांच्या जागेवरून लावावा. नक्की वेळ हवीच असेल तर भारतातल्या फोनवरची नोंद पाहावी आणि तिच्यातून साडेपाच तास वजा करून यूटीसीतली वेळ काढावी.